प्रकाशव्यवस्थेचा विषय

सूक्ष्मदर्शकाला दोन घुंड्या असतात. मोठीने स्लाइडची काच वर-खाली होते, लहान घुंडीने दृश्य स्पष्ट होतं. सराईत माणूस लहान घुंडी फार फिरवत नाही. स्लाइडवर एका भागातून दुसऱ्या भागात सरकताना ताई ती पाव फेरा पुढे नेत आणि किंचित मागे घेत, बस. गेल्या वर्षी एका सकाळी मी त्यांच्या खोलीच्या दारात सह्यांचे कागद घेऊन उभी होते आणि सहज मोजलं. एकाच जागेवर घुंडी नऊ वेळा पुढे-मागे झाली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोजलं. अकरा.

ताई म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आमची प्रयोगशाळा सासऱ्यांनी काढली, ताईंनी नावारूपाला आणली. डॉक्टर त्या. मी जीवरसायन शिकलेली. रक्तातली साखर, क्षार, यंत्रांची तपासणी आणि एकूण गुणवत्तेचं खातं माझ्याकडे. नवरा कारभार पाहतो. पेशींच्या स्लाइड मात्र, विशेषतः गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीच्या, ताईच वाचत. इतर ठिकाणी तंत्रज्ञ आधी पाहतात आणि संशयास्पद तेवढ्या डॉक्टरांकडे जातात. आमच्याकडे उलटी रीत होती. "पहिली नजर माझी," असं ताई म्हणत, आणि तीस वर्षं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दुसरी नजर मास्तरांची. मास्तर आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. पूर्वी कुठेतरी शिकवत, म्हणून मास्तर. ताईंनी 'नॉर्मल' म्हणून सोडलेल्या स्लाइडपैकी दहा टक्के ते चिठ्ठ्या टाकून निवडत आणि पुन्हा वाचत. तीन महिन्यांच्या पन्नासेक स्लाइडमध्ये एखादा फरक निघायचा. मी घुंडी मोजली त्या तिमाहीत चार निघाले. मास्तरांनी त्या चार स्लाइड ताईंना नेऊन दाखवल्या, ताईंनी अहवाल दुरुस्त केले आणि आकडा माझ्या तक्त्यात आला.

पन्नासात चार. मी तो आकडा पाहिला, आलेखावर ठिपका दिला आणि मग तो ठिपका बराच वेळ बघत बसले. चार सापडले ते पन्नासात. न निवडलेल्या साडेचारशे स्लाइडचे अहवाल तर तसेच बाहेर गेले होते. हे गणित करायला शास्त्राची पदवी लागत नाही.

त्या महिन्याच्या बैठकीत तो विषय घ्यायचा असं मी ठरवलं.

बैठकींबद्दल सांगायला हवं, कारण त्या माझ्या होत्या आणि मला त्यांचा अभिमान होता. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे बैठक म्हणजे चहा. चहा संपेपर्यंत सगळे बोलत, चहा संपला की उठत, आणि काय ठरलं याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असे. मी हळूहळू शिस्त लावली. विषयपत्रिका दोन दिवस आधी सगळ्यांच्या हातात. प्रत्येक विषयासमोर किती मिनिटं, मांडणार कोण आणि निर्णय कोणाचा, हे लिहिलेलं. वेळ सांभाळायला मास्तर. स्लाइड रंगवताना लावायचं छोटं घड्याळ ते टेबलावर ठेवत. लिहून घ्यायला एक जण. आणि ठरलेल्या प्रत्येक कामासमोर एकच नाव, एकच तारीख. "सगळ्यांनी लक्ष द्यावे" असं लिहायला बंदी, कारण सगळ्यांनी म्हणजे कुणीच नाही.

"ही वहिनी नाही, वेळापत्रक आहे," असं ताई सुरुवातीला म्हणत. पण पाळत. सगळ्यांत काटेकोरपणे त्याच पाळत.

तर त्या महिन्याची विषयपत्रिका मी लिहायला घेतली. विषय क्रमांक चार. लिहिलं: 'स्लाइड वाचनातील फरक.' मग वाटलं, हे वाचून ताईंना काय वाटेल. दोन दिवस आधी कागद त्यांच्या हातात जाणार, सहाय्यकांच्या टेबलावरही पडणार. खोडलं. 'सूक्ष्मदर्शक विभागातील अडचणी' असं लिहिलं. तेही खोडलं. शेवटी लिहिलं: 'सूक्ष्मदर्शक खोलीतील प्रकाशव्यवस्था.' माझा हिशोब असा की प्रकाशावरून बोलणं निघेल आणि आपोआप डोळ्यांवर येईल.

आलं नाही. पंधरा मिनिटं आम्ही प्रकाशावर बोललो आणि फार चांगलं बोललो. सूक्ष्मदर्शकाचा दिवा जुना आहे, बदलावा. जबाबदारी नवऱ्याची, तारीख महिनाअखेर. दिवा आला. पुढच्या बैठकीत खिडकीतून तिरपा उजेड येतो म्हणून जाड पडदा ठरला. पडदा आला. मग खुर्चीची उंची. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून पडद्यावर मोठं चित्र पाहायची सोय. इतिवृत्ताच्या वहीत या प्रत्येक कामासमोर नाव आहे, तारीख आहे आणि बरोबरची खूण आहे. एकही काम लांबलं नाही. एवढ्या शिस्तीत आम्ही चौदा महिने चुकीच्या प्रश्नाची उत्तरं देत होतो.

पुढच्या तिमाहींत फरक निघाले तीन, पाच, चार. मी ठिपके देत गेले. प्रत्येक वेळी मनाला समजावलं की दिवा नुकताच आलाय, आता सुधारेल.

नऊ दिवसांपूर्वी काउंटरवर एक बाई आल्या. कपडे शिवायचं काम करतात, हे त्यांनीच सांगितलं. बोटावर अंगठीसारखा एक वळ होता, तिथे सुई टोचू नये म्हणून टोपण घालतात म्हणे. दुसऱ्या रुग्णालयात त्यांच्या गर्भाशयाच्या मुखाचा तुकडा काढून तपासला होता आणि कर्करोग निघाला होता. अकरा महिन्यांपूर्वीची आमची स्लाइड तिथल्या डॉक्टरांना हवी होती. आमचा अहवाल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणला होता. नॉर्मल, खाली ताईंची सही.

"तुमचं काही चुकलं असं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या. "फक्त विचारते. तेव्हा दिसण्यासारखं होतं का काही?"

"बघून सांगते," मी म्हटलं.

स्लाइड काढली आणि नव्या डॉक्टरना दिली. या डॉक्टर सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे लागल्या. वयाने लहान, बोलायला थोड्या घाबरतात, वाचायला नाही. वीस मिनिटांनी त्यांनी मला आत बोलावलं. स्लाइडवर त्यांनी शाईचे तीन ठिपके दिले होते. बिघडलेल्या पेशी होत्या. थोड्या होत्या, पण होत्या.

"मॅडम, अवघड स्लाइड आहे," त्या म्हणाल्या. "कुणाकडूनही सुटू शकते."

"तुमच्याकडून सुटली असती?"

त्यांनी स्लाइड पेटीत ठेवली.

त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तक्ता दाखवला. तो म्हणाला, "तू हे मला दिव्याच्या वेळी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का, की दिवा कशाला हवाय?"

"अगं, तू म्हणालीस दिवा हवा, मी दिवा आणला!"

त्याने खरंच दिवा आणला होता.

मी नवी विषयपत्रिका लिहिली. एकच विषय, तोही प्रश्नाच्या रूपात: 'ताईंनी स्लाइडचे अहवाल देणे आजपासून थांबवावे का, आणि गेल्या चौदा महिन्यांतील नॉर्मल ठरवलेल्या सर्व स्लाइड पुन्हा वाचाव्यात का?' वेळ पंचवीस मिनिटं. सोबत आकड्यांचा तक्ता आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या स्लाइडवरचा नव्या डॉक्टरांचा शेरा. 'निर्णय कोणाचा' या रकान्यापाशी मात्र मी थांबले. वैद्यकीय बाबतीत निर्णय प्रमुखांचा, म्हणजे ताईंचा. पण पहिल्या वर्षी मीच एक नियम लिहून ठेवला होता: ज्या व्यक्तीबद्दल विषय आहे तिने माहिती द्यावी, निर्णय देऊ नये. अशा वेळी निर्णय गुणवत्ता प्रमुखाने द्यावा. तो नियम आजवर कधी वापरावा लागला नव्हता. रकान्यात मी स्वतःचं पद लिहिलं.

कागद ताईंच्या टेबलावर मी स्वतः नेऊन ठेवला. त्या चष्मा पुसत होत्या. कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला, थोडा उजवीकडे धरला, मान तिरपी केली आणि वाचला. एकदाच वाचला.

"परवा अकरा वाजता?" त्यांनी विचारलं.

"हो, ताई."

"बरं."

तिसऱ्या दिवशी अकराला आम्ही पाच जण मागच्या खोलीत बसलो. लांब टेबल, पाच पाण्याचे पेले, भिंतीवर तापमानाच्या नोंदींचा कागद. शीतकपाटाची मोटर मध्येच सुरू व्हायची आणि बंद व्हायची. मास्तरांनी घड्याळ लावलं. लिहायला नव्या डॉक्टर. पेन त्यांनी दोनदा उघडून पाहिलं.

मी भूमिका सांगितल्या. मांडणार मी, वेळ मास्तर, नोंद नव्या डॉक्टर. "या विषयापुरतं ताई माहिती देतील. निर्णय नियमाप्रमाणे माझा."

"नियम कुणी केला?" नवऱ्याने विचारलं.

"मीच."

"वा! म्हणजे मैदानही तुझं आणि शिट्टीही तुझीच."

"गप रे," ताई म्हणाल्या. "तो नियम वाचून मीच सही केली होती. तूही केली होतीस, न वाचता."

मास्तर हसले आणि लगेच खोकले.

मी आकडे सांगितले. पाच मिनिटांत झाले. मग एकेकाने दोन दोन मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी तोडायचं नाही. सुरुवात सर्वांत धाकट्यापासून, नाहीतर मोठ्यांचं ऐकून धाकटे मत बदलतात.

नव्या डॉक्टरनी लिहिता लिहिताच सांगितलं, वर न बघता. त्यांनी गेल्या आठवड्यात जुन्या स्लाइडपैकी चाळीस काढून पाहिल्या होत्या, कुणी सांगितलं नसताना. तीन ठिकाणी त्यांचं मत वेगळं पडलं. "तिन्ही गंभीर नाहीत. पण पुन्हा बोलावून तपासायला हव्यात अशा आहेत."

"मला का नाही सांगितलंस?" ताईंनी विचारलं.

"ताई, मध्ये तोडायचं नाही," मास्तर म्हणाले. मग जरा ओशाळून, "तुमचीच शिस्त."

"माझी नाही, हिची. बोला मास्तर, तुमची पाळी."

मास्तर घड्याळाकडे बघत बोलले. "मी काय सांगणार. फरक निघाला की मी ताईंकडे जायचो. ताई परत बघायच्या आणि म्हणायच्या, मास्तर, तुमचं बरोबर. कधी वाद घातला नाही. मला वाटायचं, एवढं मोकळेपणानं मान्य करतात, म्हणजे सगळं ठीकच असणार." ते थांबले. "दहातली एक मी बघत होतो. उरलेल्या नवांचं मी मनात आणलं नाही असं नाही. आणलं. पण माझं काम दहातल्या एकीचं होतं."

त्यांचे अजून चाळीस सेकंद उरले होते. ते त्यांनी वापरले नाहीत.

नवऱ्याने खुर्ची पुढे ओढली. "ताईने वाचन थांबवावं, यात मला काही म्हणायचं नाही. तिलाही त्रास होतोय. पण मागच्या स्लाइड? दोन हजार तीनशे बायका आहेत. सगळ्यांना फोन करायचा? काय सांगायचं? की तुमचा रिपोर्ट कदाचित चुकला असेल, कदाचित नसेल? दोन हजार तीनशे घरांत झोप उडेल. त्यांतल्या बावीसशेंना काही झालेलंच नसेल. मी म्हणतो बाहेरच्या एखाद्या तज्ज्ञाचं मत घेऊ. पुढच्या महिन्यात परत बसू."

"काम काय लिहू?" नव्या डॉक्टरनी विचारलं.

"लिहा, तज्ज्ञांचं मत घेणे."

"कुणी? कोणत्या तारखेपर्यंत? आणि मत कशाबद्दल?"

नवरा माझ्याकडे वळला. मला एकामागून एक दिवा, पडदा, खुर्ची, कॅमेरा आठवले. तज्ज्ञांचं मत हे पाचवं झालं असतं, आणि तेही वेळेत आलं असतं.

"ताई," मी म्हटलं. "तुमची दोन मिनिटं."

ताईंनी हात टेबलावर ठेवले. "मधलं अक्षर दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ओळ वाचते, तर मधलं अक्षर पुसल्यासारखं होतं. बाजूचं दिसतं. मग मान वाकडी करायची. स्लाइडवर तसंच करायचे. सरळ बघायचं ते बाजूने बघायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी सांगितलंय, हे मागे फिरणार नाही."

दीड वर्ष. माझ्या त्या चारच्या ठिपक्याच्याही आधी.

"मग तू बोलली का नाहीस?" नवरा म्हणाला. मास्तरांनी त्याला तोडलं नाही.

"वाट बघत होते. दिव्याचा विषय आला तेव्हा वाटलं, आता विचारतील. कुणी विचारलंच तर खोटं बोलायचं नाही, एवढं ठरवून बसले होते मी. पंधरा मिनिटं दिव्याबद्दल बोललात. मग पडद्याबद्दल. मला म्हणायचं नाही की दोष तुमचा. मला दिवे हवेच होते." त्या माझ्याकडे वळल्या, म्हणजे मान किंचित तिरपी केली. "तू कळून दिवा म्हणालीस, आणि मी कळून दिवा ऐकलं. तुला मला दुखवायचं नव्हतं आणि मला खोलीतून उठायचं नव्हतं. छान जमलं आपलं दोघींचं."

शीतकपाटाची मोटर बंद झाली तेव्हा कळलं की ती सुरू होती.

घड्याळ वाजलं. मास्तरांनी ते बंद केलं. "पंचवीस झाली. नियमाप्रमाणे, एक तर निर्णय, नाहीतर सगळ्यांची संमती असेल तर ठरावीक मिनिटं वाढवून."

"वाढवू या," नवरा म्हणाला. "अर्धा तास."

"थांबा," ताई म्हणाल्या. "वाढवायला नको. मीच सोपं करते. लिही गं," त्या नव्या डॉक्टरना म्हणाल्या, "प्रकृतीच्या कारणाने मी आजपासून स्वेच्छेने निवृत्त होते आहे. झालं. विषय संपला. कुणी कुणाला काढलं नाही, कुणी कुणाला दुखवलं नाही."

नव्या डॉक्टरनी पेन टेकवलं. नवऱ्याचा चेहरा मोकळा झाला. त्याने पाण्याचा पेला उचलला. मास्तर डोळे मिटून बसले होते. मलाही आतून सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. ताईंनी दार उघडून दिलं होतं आणि त्यातून आम्ही पाचही जण बाहेर पडू शकलो असतो. निरोपाचा एक छोटा कार्यक्रम, एक शाल, दोन भाषणं. इतिवृत्तात एक ओळ. आणि ताई निवृत्त झाल्या एवढंच लिहिलं की मागच्या स्लाइड पुन्हा वाचायला कारणच उरत नव्हतं.

"लिहू नका," मी म्हटलं.

"अगं, ती स्वतः म्हणतेय!" नवरा म्हणाला.

"ताई माहिती देऊ शकतात. निर्णय त्यांचा नाही." मी ताईंकडे वळले. "ताई, तुम्हाला हे मी चौदा महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं. एकट्या असताना, तुमच्या खोलीत. तेव्हा पाच माणसं लागली नसती, घड्याळ लागलं नसतं. मी कागदावर दिवा लिहिला. त्याची नोंद माझ्या नावाने करा, डॉक्टर. विषयाची मांडणी चुकीची होती, ती मी केली होती."

"काम म्हणून लिहू?"

"नाही. कारण म्हणून."

त्यांनी लिहिलं. ताई आता माझ्याकडे सरळ बघत होत्या, म्हणजे मी त्यांना दिसत नसणार.

"वाढीव वेळेला कुणाची हरकत?" मास्तरांनी हळूच विचारलं. त्यांना विचारणं भागच होतं.

"माझी," मी म्हटलं.

"मग निर्णय सांगा, वहिनी."

मी कागद उलटा ठेवला. तो वाचून दाखवला असता तर सोपं गेलं असतं.

"ताई आजपासून स्लाइडचे अहवाल देणार नाहीत," मी म्हटलं. "कारण त्यांची नजर आणि आमचं न विचारणं. चौदा महिन्यांत नव्हे, गेल्या दीड वर्षात नॉर्मल ठरवलेली प्रत्येक स्लाइड पुन्हा वाचली जाईल. निम्म्या नव्या डॉक्टर वाचतील, निम्म्या बाहेरची प्रयोगशाळा. पाठवायची जबाबदारी मास्तरांची, सोमवारपर्यंत. जिच्या अहवालात फरक निघेल तिला त्याच दिवशी फोन जाईल आणि फोन मी करेन. आणि ज्या बाईंनी मला विचारलं होतं, तेव्हा दिसण्यासारखं होतं का, त्यांच्याकडे मी आज दुपारी जाणार आहे आणि त्यांना सांगणार आहे की हो, होतं."